अंगावर पाजताना बाळ नीट धरत नाही, निपलला चिरा पडल्यात: सुरुवातीच्या आठवड्यांतले तुमचे अनुभव

मृण्मयी_के
नणंद बाळंतीण आहे, माहेरी आलीये. परवा रात्री बाळ रडायला लागलं की तिच्याच डोळ्यांत पाणी यायचं, पाजायच्या आधीच खांदे आखडून घ्यायची. ते बघून मला माझे पहिले दिवस आठवले म्हणून हा धागा काढतेय. माझ्या वेळी सगळे म्हणत होते पहिलटकरणीला दुखतंच, सोस थोडं. लसीकरणाला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरनी बाळ सुटल्यावर निपल बघितलं, तिरकं चपटं होऊन टोकाला पांढरी रेघ उमटली होती. त्या म्हणाल्या, बाळ नुसतं टोक चावतंय, खालचा काळा भाग त्याच्या तोंडात जातच नाहीये. क्रीम नंतर, आधी पकड सुधारू.

त्यांनी जे करून घेतलं तेच मी नणंदेकडून करून घेतलं. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर, पोटाला पोट लावून, कान-खांदा-कंबर एका रेषेत. हात डोक्यावर नाही, मानेच्या बुडाशी, म्हणजे डोकं जरा मागे जाऊ शकतं. डाव्या हाताने स्तन खालून यू आकारात धरायचा, बोटं काळ्या भागापासून लांब. वडापाव कसा आपण दाबून तोंडाच्या रेषेत धरतो तसं, बाळाच्या ओठांच्या रेषेत. निपल बाळाच्या नाकासमोर ठेवायचं, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला लागलं की ते वास घेत डोकं मागे टाकतं आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ करतं, तो आ येईपर्यंत थांबायचं आणि मग हनुवटी आधी लागेल असं झटकन बाळाला आपल्याकडे आणायचं. आपण वाकून स्तन बाळाकडे न्यायचा नाही. नीट लागलं की वर काळा भाग जास्त दिसतो, खाली जवळजवळ दिसत नाही, हनुवटी रुतलेली, नाक मोकळं.

पहिले काही क्षण ओढल्यासारखं होतं ते ठीक, पण दुखतच राहिलं तर तसंच पाजू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये घालून हवा सोडा आणि परत लावा. ओढून काढलं तर चीर वाढते. तुमचं लिहा.

सांगलीची_सून
आमच्याकडे सासूबाई साजूक तूप लावायच्या प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर. त्यानेच बरं झालं बघ. क्रीमबिम काही नको

गौरी_प
सांगलीची_सून, तुपाने कातडी मऊ राहत असेल पण पकड तीच राहिली तर पुढच्या पाजण्याला चीर परत उघडते, माझं तेच होत होतं. मी शेवटचे दोन थेंब दूध चोळून तसंच वाळू द्यायचे, साबण बंद केला. जास्त चिरलं होतं तेव्हा डॉक्टरांनी लॅनोलिन दिलं, ते पाजण्याआधी पुसायला लागत नाही. आणि कुणी मध लावा म्हणालं तर अजिबात नको, वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात मध जाता कामा नये.

निखिल_आरवचेबाबा
बाप लिहितोय चालेल ना 🙂 माझं काम रात्री उशी लावणं आणि मोबाईलचा टॉर्च धरणं एवढंच होतं पण त्यात एक लक्षात आलं, बायकोला वरून दिसायचं नाही खालचा ओठ आत मुडपलाय की बाहेर, मला बाजूने दिसायचं, मी सांगायचो आणि ती हनुवटी हलकेच खाली ओढायची. आणि गिळण्याचा आवाज ऐकायचा, सुरुवातीला भरभर चोखतं मग दूध उतरलं की संथ होतं, चोखतं-थांबतं-गिळतं. नुसतं भरभर चालू राहिलं किंवा टकटक आवाज आला, गालाला खळी पडली, तर पकड सुटलेली असते. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचे याच विषयावरचे व्हिडिओ आहेत मराठीत, आम्ही ते बघून शिकलो

स्वरा२३
मला दूधच कमी आहे असं वाटतंय कोणी शतावरी घेतली का? अळीवाचे लाडू चालू आहेत

गौरी_प
स्वरा, कशावरून कमी वाटतंय? बाळ दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला करतंय का, वजन वाढतंय का? पकड उथळ असली की बाळ तासभर अंगावर राहतं तरी पोट भरत नाही आणि आपल्याला वाटतं दूध नाही. शतावरीच्या आधी बाळाचं वजन करून आण. शू कमी होत असेल, पाजायला उठवलं तरी उठत नसेल तर थांबू नकोस, लगेच बाळाच्या डॉक्टरांकडे.

स्वरा२३
शू होते तशी. वजन उद्या करते. एकेक तास लागतो खरं पाजायला

पल्लवी_मडगाव
निपल शील्ड घ्या सरळ. मला लगेच आराम पडला, दुसऱ्याच दिवशी दुखणं थांबलं

डॉ_अनघा
पल्लवी, तुम्हाला उपयोग झाला हे छान, काही जणींना होतो. पण शील्डमुळे आईचं दुखणं थांबलं तरी बाळाला दूध पुरेसं जातंय का हे बघावंच लागतं, म्हणून कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि थोडेच दिवस. बरेचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं, छाती दाटते, काळा भाग ताणून कडक होतो आणि आदल्या दिवशी नीट धरणारं बाळ अचानक घसरायला लागतं. तेव्हा पाजण्याआधी निपलच्या भोवती बोटं टेकवून छातीकडे हलका दाब मिनिटभर द्यायचा, लागलं तर थोडं दूध हाताने काढायचं. तो भाग मऊ झाला की बाळाला धरता येतो.

सगळंच दुखणं पकडीचं नसतं हेही सांगते. पाजून झाल्यावरही आग होत राहिली, बाळाच्या तोंडात न पुसणारे पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते. एका बाजूला लाल गरम चट्टा आणि ताप आला तर दाखवा, आणि पाजणं बंद करू नका.

मीनल_नाशिक
माझं वेगळंच. पाजून झालं की निपल पांढरंफटक मग जांभळं आणि नुसत्या कळा. थंडी होती, पहाटे जास्त. बाळ सुटल्या सुटल्या गरम सुती कापड कोरडंच ठेवायचे आणि अंग उघडं टाकायचे नाही त्याने बरंच कमी झालं. पकडही बदलली होती तेव्हाच, त्यामुळे नक्की कशाने गेलं कोण जाणे

ऋतुजा_व
जीभ चिकटलेली आहे असं कोणाच्या बाळाला सांगितलं का? एक डॉक्टर म्हणतात कापा, एक म्हणतात थांबा. काय करावं कळत नाही 😢

डॉ_अनघा
न बघता सांगणं बरोबर नाही ऋतुजा. दिसायला चिकटलेली असली तरी काही बाळं छान पितात. आधी कुणी शेजारी बसून अख्खं पाजणं बघितलंय का?

ऋतुजा_व
नाही. दोघांनी तोंड उघडून बघितलं फक्त

सांगलीची_सून
ऋतुजा काळजी करू नको गं. माझ्या जावेच्या मुलाला तसंच होतं, न कापता निभावलं. आता बोलतो किती, ऐकवत नाही

तेजश्री_एस
सिझेरियन झालंय, आडवं धरलं की टाक्यांवर लाथा. आणि उजवीकडे मस्त पितं, डावीकडे लावलं की किंचाळतं. डावी छाती दाटून बसलीये

मृण्मयी_के
तेजश्री, उजवीकडे पाजून झालं की बाळाला वळवू नकोस. ज्या कुशीवर आहे त्याच कुशीवर डावीकडे सरकव, पाय तुझ्या काखेखालून मागे, खाली उशी. बाळाला बाजू बदलल्याचं कळत नाही आणि टाकेही वाचतात. फक्त सरकवायच्या आधी डावीकडचं थोडं हाताने काढून मऊ करून घे.

तेजश्री_एस
आत्ता उठलाय, करून बघते