पतसंस्थेचं करपात्र उत्पन्न आणि ८०पी

‘निव्वळ नफा १२ लाख, त्यात राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज मिळालेलं आहे. सगळा नफा ८०पीत वजा होईल ना?’

प्राप्तिकर कायद्याचं कलम ८०पी पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थांना नफ्यावर वजावट देतं, पण सगळा नफा वजा होईलच असं धरू नका. सभासदांच्या कर्जावरचा नफा पूर्ण वजा होतो. पण शिल्लक रक्कम बँकेत ठेवून मिळालेलं व्याज टोटगार्स या सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ‘इतर उत्पन्न’ ठरवलं, आणि त्याच आधारावर अधिकारी वजावट नाकारतात.

मात्र संपूर्ण व्याजावर कर मान्य करू नका. समजा ५० लाखांवर ७ टक्क्यांनी साडेतीन लाख मिळाले. हा पैसा सभासदांच्या ठेवींतून आलेला असेल आणि त्यांना ६ टक्के दिले असतील, तर ३ लाख खर्च कलम ५७ खाली मागता येतो. मग करपात्र फक्त ५० हजार. साडेअकरा लाखांची वजावट शाबूत. खरी अडचण पुराव्याची. गुंतवणूक राखीव निधीतून झाली असेल तर तिच्यावर व्याजखर्चच नसतो, म्हणून गुंतवणुकीच्या दिवशीची निधीची स्थिती दाखवणारा तक्ता आत्ताच तयार ठेवा.

आणि विवरणपत्र मुदतीतच भरा. कलम ८०एसीमुळे उशीर झाला तर सबंध वजावट जाते, कर्जावरच्या नफ्याचीसुद्धा.