मदत हवी आहे: घरभाडं की गृहकर्ज, बरोबरीचं वर्ष कोणतं धरू?

पुण्यात २२ हजार भाड्याने राहतोय. तसाच फ्लॅट ८० लाखांना मिळतोय. पदरचे १६ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सुरुवातीलाच जवळपास २२ लाख जातील. ६४ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ५५,५००. शिवाय मेंटेनन्स ४ हजार.

एक्सेलमध्ये मांडलं. भाडं आणि मेंटेनन्स दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवलं. विकत न घेतल्यास ते २२ लाख आणि दरमहा वाचणारा फरक कर वजा जाता ८ टक्क्यांनी वाढतो असं धरलं. दुसऱ्या बाजूला फ्लॅटची किंमत वजा उरलेलं कर्ज.

किंमत वर्षाला ८ टक्के वाढली तर चौथ्या वर्षी घर पुढे जातं, ७ टक्के वाढली तर सातव्या. ६ टक्क्यांवर मात्र २० वर्षांतही नाही! एका टक्क्याने एवढी उलथापालथ होत असेल तर वाढीचा आकडा अंदाजाने टाकून कसं चालेल?

इमारत जुनी होत जाणार, म्हणून नव्या प्रकल्पांचे भाव धरणं मला पटत नाही. त्याच सोसायटीतल्या जुन्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे उतारे, काढून कुणी वाढ मोजली आहे का? की रेडी रेकनरचा सरकारी दर पुरेसा आहे?