फालतू साईटींसाठी ब्राउझरपुरता गेस्ट : तुमचे अनुभव लिहा

कट्टेकरी: मॅच असली की फुकट स्ट्रीमिंगच्या लिंका येतात, त्या मी सरळ उघडत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक मशीन केलंय, त्याला हार्डडिस्कच जोडली नाहीये, नुसती लाइव्ह लिनक्सची आयएसओ आणि 2 जीबी रॅम. शेअर्ड फोल्डर नाही, क्लिपबोर्डही बंद. मॅच संपली की पॉवर ऑफ, सगळं गेलं. तुम्ही कसं करता?

सुमनताई: मीपण क्रोममध्ये Guest करूनच उघडते.

कट्टेकरी: ताई, तो वेगळा. त्यात कुकी, हिस्टरी जाते, पण डाउनलोड केलेली फाइल तुमच्याच विंडोजमध्ये पडते. मी म्हणतोय तो कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर.

पुणेरी_बाण: एवढा खटाटोप कशाला, विंडोज सँडबॉक्स आहे की! बंद केला की सगळं साफ, कुणाला पत्ताही लागत नाही कोण आलं होतं.

रात्रपाळी: साफ होतं ते तुमच्या बाजूचं. आत एखादी आयपी दाखवणारी साईट उघडा, मग तीच बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा, आकडा एकच येतो, कारण गेस्ट तुमच्याच राउटरमधून बाहेर पडतो. साईटवाल्याला तो दिसतो, नेटवाल्याला तुम्ही कुठल्या साईटवर गेलात ते कळतं. आणि सँडबॉक्समध्ये क्लिपबोर्ड मुळात चालूच असतो, म्हणजे बाहेर कॉपी केलेला पासवर्ड आत पेस्ट होतो, शिवाय होम एडिशनला तो मिळतच नाही.

दुसरी गंमत, गेस्टमधून `192.168.1.1` टाकून बघा. माझ्याकडे नॅटवर ठेवूनही राउटरचं लॉगिन पान धाडकन उघडलं. म्हणजे आत काही शिरलं तर घरातल्या बाकी वस्तूंना हात लावू शकतं, राउटरचा पासवर्ड admin असेल तर झालंच.

कोकणमेवा: मी डिस्कवाला ठेवलाय, दरवेळी स्नॅपशॉटवर परत जायचं. पण एक साईट मला दर खेपेला ओळखायची, आधी निवडलेली भाषाच लावायची. शेवटी कळलं, स्नॅपशॉट घेतला तेव्हा ती साईट आधीच उघडून झालेली, त्यामुळे तिची कुकी त्यात गोठलेली, मी जितक्यांदा मागे जायचो तितक्यांदा तीच कुकी घेऊन हजर! आता आधी ब्राउझर अपडेट, मग एकही साईट न उघडता स्नॅपशॉट, आणि तो अधूनमधून नवा, नाहीतर दरवेळी जुनाट ब्राउझर घेऊन धोक्याच्या साईटवर जाणं होतं.

रात्रपाळी: बरोबर. आणि बंद करताना Save the machine state नको, रॅममधलं सगळं डिस्कवर फाइल होऊन बसतं. Power off the machine निवडायचं.

पुणेरी_बाण: मग व्हीपीएन टाकला की झालं ना?

रात्रपाळी: आयपी बदलेल, पण आत जीमेल उघडलंत की नावच सांगितलंत. ग्राफिक्सची माहिती विचारली तर ब्राउझर बहुतेक वेळा खऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी llvmpipe नाहीतर SVGA3D असं नकली कार्डाचं नाव सांगतो, असलं यंत्र गर्दीत उठून दिसतं.

कट्टेकरी: ते कसं झाकायचं?

रात्रपाळी: मी झाकत नाही. खोटं नाव लावलं की बाकीच्या गोष्टी त्याच्याशी जुळत नाहीत आणि अजूनच डोळ्यात येतं.

कोकणमेवा: मला नाही पटत, पण असो.

सुमनताई: मग बँकेचं आत उघडू की बाहेर?

कट्टेकरी: बाहेर ताई. मॅच बघितलेल्या मशीनमध्ये तर अजिबात नको.