वाड्याच्या AI रेंडरमध्येच खिडक्या का सरकतात
> "प्लॅन तोच ठेवून मिनिमल, वाडा आणि इंडस्ट्रियल असे तीन लूक हवेत. डेप्थ मॅप दिलाय, तरी वाड्यात खिडक्या सरकतात."

डेप्थ मॅपला फक्त कॅमेऱ्यापासूनचं अंतर कळतं. काच भिंतीशी जवळजवळ सपाट असेल, तर त्याच्या लेखी तिथं नुसती भिंत. सोबत `MLSD` हे दुसरं ControlNet जोडा. ते सरळ रेषा पकडतं, त्यामुळे चौकटी जागेवर राहतात. दोन्ही मॅप 3D मॉडेलच्या एकाच कॅमेऱ्यातून काढा आणि तिन्ही लूकना तेच वापरा.

दुसरा चोर म्हणजे प्रॉम्प्टमधला ‘चौक’. सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलसाठी मी तो शब्द लिहिला, तर स्लॅबलाच भोक! (मालक खूश, म्हणे ऊन येईल.) प्लॅनमध्ये चौक नसेल तर तो मागू नका. साहित्य मागा: काळा दगड, सागवानी चौकटी, शहाबादी फरशी. कोरीव नक्षीसाठी `Control Weight` थोडा उतरवावा लागतो, आणि रेषा हलतात त्या तिथंच.

रेंडर मूळ मॉडेलवर 50% पारदर्शक करून ठेवा. चौकटीची कड दुहेरी दिसली की वजन परत चढवा.