मदत हवी आहे: भावनांच्या शब्दांत 'वेगळा शब्द ओळखा' कसा बनवावा?

मराठी नव्याने शिकणाऱ्या ८-९ वर्षांच्या मुलांसाठी सराव-पत्रिका बनवते आहे. खाद्यपदार्थ आणि वाहनांचे गट जमले. 'बस, रेल्वे, विमान, होडी' यात विमान आणि होडी दोन्ही वेगळी ठरत होती. 'बस, ट्रक, मोटार, होडी' केल्यावर एकच उत्तर उरलं.

अडलंय ते भावनांपाशी. 'राग, भीती, आनंद, रडणे' या गटात मला 'रडणे' अपेक्षित होतं, कारण ती कृती आहे. बरीच मुलं 'आनंद' निवडतात, कारण बाकीचं सगळं नकोसं वाटणारं, आणि तेही बरोबरच आहे! शिवाय ज्यांनी 'रडणे' निवडलं, त्यांतली काही नुसतं '-णे' बघून निवडतात. अर्थ कळलाय की नाही ते समजत नाही. 'आनंद, समाधान, उत्साह, दुःख' हा गट चालतो, पण त्यात फक्त सुखद-दुःखद एवढंच तपासलं जातं. 'राग, संताप, चीड, काळजी' हा गट नेमका आहे, मात्र संताप आणि चीड हे शब्द त्यांना अजून येत नाहीत.

मुलं उत्तरसूचीवरून स्वतःच तपासतात, त्यामुळे 'कारण सांगा' म्हणून दोन उत्तरं मान्य करता येत नाहीत. चेहऱ्यांची चित्रंही नकोत. भीती आणि आश्चर्याचे चेहरे सारखेच दिसतात.

सुखद-दुःखद हा निकष टाळून, सोप्या शब्दांत, एकच उत्तर निघेल असे चार-चार शब्दांचे गट कुणी वापरले आहेत का? आणि वर्गीकरणात 'आश्चर्य' कोणत्या रकान्यात ठेवता?