विषय: कॅसेट ३, बाजू ब: ‘साफ’ फाईलमधून शब्द गळतायत

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

पुस्तिकेसाठी जागराच्या कॅसेट ३ च्या ब बाजूचे शब्द उतरवून घेतेय आणि अडलेय. ड्राइव्हवर ‘साफ’ नावाची फाईल आहे, तिच्यात टेपची सततची सरसर, म्हणजे हिस, जवळजवळ नाही. पण ४:१२ ला मुख्य गायक ‘संत’ म्हणतात की ‘अंत’ ते कळत नाही, आणि ओळीत दोन्ही बसतात. पुढच्या कडव्यात ‘चरण’ की ‘शरण’, तीच गत. टाळ तर पाण्याखाली वाजवल्यासारखे येतात. गेल्या वर्षीच्या आरत्यांच्या पुस्तिकेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे अंदाजाने काही छापणार नाही.

मूळ फाईल कुठे आहे? अमेय, साफ तूच केलीस ना? मजकूर शनिवारी छपाईला द्यायचाय.

वैशाली

---

प्रेषक: अमेय

वैशालीताई,

हो, मीच केली. मूळ फाईलमध्ये हिस एवढी होती की हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकवत नव्हतं. दोन भजनांच्या मध्ये सहा-सात सेकंद शांतता आहे, तिथून नमुना घेऊन ऑडॅसिटीत `Noise Reduction` २४ डीबीवर दोनदा चालवलं. त्याआधी डावा-उजवा चॅनल एकत्र करून मोनो केलं. रेकॉर्डिंग मुळात मोनोच आहे आणि दोन चॅनल मिळवले की हिस ३ डीबीने कमी होते, म्हणून. शब्द मूळ टेपवरच अस्पष्ट असावेत असं मला वाटतं.

अमेय

---

प्रेषक: प्रकाशकाका (कोल्हापूर)

अमेय, ३ डीबीचं तुझं गणित बरोबर आहे, पण ते एका अटीवर. प्लेअरच्या हेडची फट टेपला अगदी काटकोनात हवी. हेड तिरकं असेल तर तोच आवाज एका चॅनलवर किंचित आधी आणि दुसऱ्यावर किंचित नंतर येतो, आणि दोन्ही मिळवले की वरच्या पट्टीतला आवाज एकमेकांना मारतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते, म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही लहान असते. ती पुसून जायला अंशाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका तिरकेपणा पुरतो. हिस मात्र दोन्ही चॅनलवर वेगवेगळी असते, ती पुसली जात नाही. म्हणजे ‘स’ गेला आणि हिस राहिली. मग ती हिस काढायला तू २४ डीबी लावलेस, आणि उरलासुरला ‘स’ही गेला.

दुसरं, नमुना घेतलास ती जागा चुकीची आहे. जागर ज्यावर रेकॉर्ड केला त्या टेपरेकॉर्डरला आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट होतं. गाणं थांबलं की ते काही सेकंदांत माइक वर खेचतं, आणि देवळातला पंखा, कुजबुज, रस्ता सगळं मोठं होतं. गाणं सुरू असताना तेच आवाज कितीतरी खाली असतात. तू मोठा झालेला आवाज नमुना म्हणून दिलास, म्हणून प्रोग्रामने गाण्यातूनही तेवढं कापलं. नमुना घ्यायचा तो ओळ संपल्यासंपल्या, सर्किट वर यायच्या आत. अर्धा सेकंद मिळाला तरी पुरे.

आणि किती कापलं जातंय ते कळायला `Noise Reduction` च्या खिडकीतच `Residue` आहे. ते निवडून प्रीव्ह्यू ऐक, जे काढून टाकलं जाणार तेवढंच ऐकू येतं. त्यात सपाट हिस असेल तर ठीक. त्यात टाळाचा ठोका किंवा ‘स’, ‘श’, ‘च’ची फुसफुस आली तर तेवढं गाणं कचऱ्यात जातंय. या अक्षरांचा आवाज हिससारखाच असतो, प्रोग्रामला त्यांच्यात फरक करता येत नाही.

कॅसेटी माझ्याकडेच आहेत, मंगळवार पेठेत. ब बाजू उद्या सकाळी टेपवरून पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवतो.

प्रकाश

---

प्रेषक: संजीवनी

काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या कपाटात सासूबाईंच्या जोगव्याच्या दोन कॅसेटी आहेत. खिडकीतून बघितलं तर टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. एकदा वाजवून बघू का, की तशाच पाठवू? आणि वैशालीताई, सगळ्या फाईली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या तर सगळ्यांनाच ऐकता येतील.

संजीवनी

---

प्रेषक: प्रकाशकाका (कोल्हापूर)

संजीवनी, वाजवू नकोस. पुढे-मागेही करू नकोस. ती बुरशी आहे. एकदा फिरवली की हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. दोन्ही वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कोरड्या जागी ठेव. उन्हात ठेवू नकोस, डबी वाकते. पावसाळा उलटल्यावर इकडे आलीस की घेऊन ये. डबी स्क्रूची आहे की चिकटवलेली, ते बघून ठेव.

व्हॉट्सॲप नको. तिथे ऑडिओ म्हणून टाकलं तर आवाज दाबून लहान होऊ शकतो, आणि मग आपल्याला हवा तोच वरचा भाग आधी जातो. शब्द उतरवायला डब्ल्यूएव्हीच लागेल. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला तासाला साधारण एक जीबी होते. ड्राइव्हवर मावेल.

प्रकाश

---

प्रेषक: मिलिंद

सर्वांना,

ऑडिओचं काम ऑडिओ समितीकडे आहे, हे पुस्तिकेच्या गडबडीत विसरू नये. काकांनी उतरवायला माझी हरकत नाही, पण पुन्हा उतरवताय तर स्पीडसुद्धा दुरुस्त व्हावा. मूळ फाईलमध्ये विजेची गुणगुण ५१.२ हर्ट्झला दिसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे टेप २.४ टक्के जलद चालतेय. तेवढी हळू केली की स्वर जागेवर. यात वादाचं काही नाही.

मिलिंद

---

प्रेषक: प्रकाशकाका (कोल्हापूर)

मिलिंद, युक्ती चांगली आहे, पण या टेपला पुरेशी नाही. कव्हरवर १९८७ लिहिलंय. त्या काळात ग्रिडची फ्रिक्वेन्सी पन्नासावर स्थिर नसायची, संध्याकाळी लोड चढला की ४९ किंवा त्याहून खाली यायची. जागर रात्रीचा, म्हणजे तीच वेळ असू शकते. खरी फ्रिक्वेन्सी ४९ धरली तर टेप साडेचार टक्के जलद निघते. पहिल्या हिशोबाने फरक पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी, दुसऱ्याने पाऊण. कुठला खरा, ते गुणगुण सांगत नाही.

त्यापेक्षा देवळातली पेटी अजून तीच आहे. तिची काळी एक फोनवर रेकॉर्ड करून टेपमधल्या पेटीच्या सुराशी ताडून बघता येईल. मात्र मधल्या काळात कुणी सूर घासले असतील तर तेही पक्कं नाही. म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही, स्पीड बदललेली प्रत वेगळ्या नावाने ठेवायची.

आता ब बाजू. टेप आधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवून सैल केली. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो, त्यावर रंगाचा थेंब होता, तो खरवडला. स्क्रूड्रायव्हर चुंबकत्व नसलेला घेतला. दोन्ही चॅनल ऐकताना एकत्र केले आणि टाळांवर कान ठेवून स्क्रू हळूहळू फिरवला. पाव फेऱ्याच्या आतच टाळ उघडले, पुढे गेल्यावर पुन्हा बसले. जिथे सगळ्यात उघडे तिथे थांबलो. लक्षात ठेवा, हे मोनोतच ऐकायचं. स्टीरिओत फरक इतका बारीक असतो की हमखास चुकतो. आणि अ बाजूला हेच पुन्हा करावं लागतं, कारण उलटल्यावर टेप डबीत वेगळी बसते. काम झाल्यावर कंपनीने भरलेली विकतची कॅसेट लावून हेड परत जागेवर आणलं, नाहीतर पुढच्या माणसाला सगळंच बंद-बंद ऐकू येणार.

डॉल्बीचं बटण बंद ठेवलं. असल्या टेपरेकॉर्डरवर डॉल्बी नसायचं. आता चालू केलं तर हिस कमी झाल्यासारखी वाटते, पण वरचा आवाजच दबलेला असतो.

‘कॅसेट३_ब_मूळ’ ड्राइव्हवर आहे, दोन्ही चॅनल वेगळे. हिस आहे तशीच आहे.

प्रकाश

---

प्रेषक: अमेय

काका, नव्या फाईलवर दोन्ही चॅनल मिळवले, आता वरचा आवाज टिकतो. नमुना ४:०९ ला ओळ संपताच घेतला. ६ डीबी, `Sensitivity` ४, एकदाच. `Residue` मध्ये टाळ येत नाहीत. ८ डीबीला मात्र ‘स’ यायला लागतो. हिस अजून आहे, पण ऐकवते. ही फाईल ऐकण्यासाठी ठेवतो. मागची ‘साफ’ काढून टाकू का?

अमेय

---

प्रेषक: वैशाली

अमेय, काढू नकोस, ‘वापरू नये’ असं नाव दे. तिच्यावरून कुणी आधीच काही उतरवलं असेल तर ताडायला लागेल.

४:१२ ला ‘संत’ आहे, मूळ फाईलमध्ये हिसच्या आत ‘स’ स्वच्छ येतो. उतरवायचं काम मी आता फक्त मूळ फाईलवरून करतेय, कमी हिसची फाईल फक्त कान थकला की.

‘चरण/शरण’साठी काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे `Spectrogram` लावून बघितलं. ‘च’च्या आधी आवाज क्षणभर पूर्ण तुटतो आणि मग उभी कड दिसते. ‘श’ तुटल्याशिवाय हळूहळू चढतो. ओळ तीनदा येते. पहिल्यांदा नेमका त्याच क्षणी टाळाचा ठोका आहे, काही दिसत नाही. दुसऱ्यांदा तुटलेली जागा दिसते, ‘चरण’. तिसऱ्यांदा कोरस आहे आणि मला तो सरळ ‘शरण’ वाटतो. अभंगाच्या अक्षरांचा हिशोब इथे कामाला येत नाही, दोन्ही तीन-तीन अक्षरांचेच.

म्हणून मुख्य ओळीत ‘चरण’, खाली बारीक टाइपात कोरसचं ‘शरण’ आणि वेळ. जे अक्षर ऐकूच येत नाही तिथे कंसात प्रश्नचिन्ह. गाणारे ‘न्हाई’ म्हणतात तिथे ‘न्हाई’च.

वैशाली

---

प्रेषक: मिलिंद

कोरस चुकला असेल तर ती चूक का छापायची? भक्तांच्या हातात एकच पाठ जावा. समितीत ठेवू या.

मिलिंद

---

प्रेषक: प्रकाशकाका (कोल्हापूर)

कोरस चुकला की मुख्य गायक, ते टेपवरून ठरत नाही. मृदंगावर होते ते काका अजून गल्लीत आहेत, त्यांना ऐकवतो. शनिवारच्या आत भेट झाली नाही तर वैशालीताई म्हणतात तसं दोन्ही जाऊ दे.

कॅसेट ४ आज उघडली. दाबपट्टीचा फेल्टचा तुकडा निघून आलाय, त्यामुळे आवाज मध्येच बुडतो. टेप दुसऱ्या स्क्रूच्या डबीत घालावी लागेल. कुणाकडे रिकामी असेल तर सांगा.

प्रकाश