मदत हवी आहे: आजोबांच्या वह्या, मॉडेल शिकवल्यावर वाचन उलट बिघडलं

सिद्धेश्वर_पेठ
नमस्कार. आजोबांच्या हस्ताक्षरातल्या वह्या संगणकावर उतरवून घेतोय. ते इथे सोलापुरात गिरणीत साचेखात्यात जॉबर होते आणि रोज रात्री लिहायचे. पुण्यातल्या मित्राने दिलेल्या मॉडेलने सुरुवातीला बऱ्यापैकी वाचलं. मग काही पानं दुरुस्त करून त्यांच्यावर मॉडेल शिकवलं. शिकवताना पडद्यावर अचूकता ९४ टक्के दिसत होती. आता दुसरी वही दिली तर आधीपेक्षा वाईट वाचतंय. दिवाळीला सगळे घरी जमणार आहेत, त्याआधी वाचायला द्यायचंय. काय बदलू, कृपया लवकर सांगा.

तात्या_माढा
किती पानं? "काही" म्हणजे किती? अशा कामाला हजारो ओळी लागतात. पाच-दहा पानांत मॉडेल शिकत नाही, पाठ करतं. आधी शंभर पानं टाइप करा, मग बोला.

मोडीप्रेमी
वह्या मोडीत आहेत का? गिरणीतले जुने हिशेब मोडीत असत. मोडी शिकणं अवघड नाही, नेट लावून रोज बसलं की थोड्या आठवड्यांत वाचता येऊ लागतं. सॉफ्टवेअरच्या मागे लागण्यापेक्षा स्वतः शिका, घरच्यांनाही शिकवा. माझ्याकडे सरावाचे तक्ते आहेत, देईन.

सिद्धेश्वर_पेठ
मोडी नाही, देवनागरी आहे. मला वाचता येतं. प्रश्न सगळ्या वह्या टाइप करण्याचा आहे.

दप्तरी
तात्या, हजारो ओळी लागतात त्या कोऱ्या पाटीपासून शिकवायचं असेल तर. यांच्याकडे देवनागरी हस्ताक्षर ओळखणारं मॉडेल आधीच आहे, फक्त एका माणसाच्या वळणाची सवय लावायची आहे. तिथे दोन-अडीचशे ओळींतही फरक दिसू लागतो.

सिद्धेश्वर_पेठ, एवढ्या माहितीवर कुणालाच काही सांगता येणार नाही. हे सांगा: सॉफ्टवेअर कोणतं? दुरुस्त केलेली पानं किती, आणि एकाच वहीतली की वेगवेगळ्या? वह्या कोणत्या सालच्या? आणि "वाईट" म्हणजे नेमकं काय, अक्षरं बदलतात, गळतात, की ओळीच तुटतात? एक ओळ जशी लिहिली आहे तशी आणि तुम्ही ती कशी टाइप केली तशी, दोन्ही द्या.

अपर्णा_विजापूर_रोड
आईची पाककृतींची वही मी मोबाइलने फोटो काढून वाचून घेतली, काही शिकवावं लागलं नाही. स्कॅन ३०० डीपीआयने केलंय ना? माझं सगळं त्यानेच सुधारलं. पान आधी काळं-पांढरंही करून घ्या.

दप्तरी
३०० ठीक. काळं-पांढरं मात्र करू नका. जुन्या शाईत मात्रेचं टोक आणि टिंब फिकट असतं, त्या पायरीला तेच पहिलं उडतं.

अपर्णा_विजापूर_रोड
माझं उडालं नाही. आईची वही जेल पेनची होती, हे खरं.

सिद्धेश्वर_पेठ
सॉफ्टवेअर क्राकेन. बारा पानं, सगळी १९५१ च्या वहीतली, टाकाच्या निळ्या शाईतली, साधारण अडीचशे ओळी. निम्मी मी टाइप केली, निम्मी चुलतबहिणीने. दुसरी वही १९५६ ची, शाई तशीच. ओळी नीट कापल्या जातात.

बिघाड असा: नावं मोडतात. अंबादासचं "अबादास", कांबळेंचं "काबळे", व्यंकय्याचं "व्यकय्या". हे सगळं शिकवण्याआधी नीट येत होतं! "दुसऱ्या पाळीत" हेही कधी बरोबर येतं, कधी वेगळं.

वहीतली ओळ: "त्यांनीं अंबादासास कांहीं सांगितलें नाहीं."
मी टाइप केली: "त्यांनी अंबादासास काही सांगितले नाही."
शुद्धलेखन आजच्या नियमांनी केलंय, घरच्यांना सरळ वाचता यावं म्हणून.

तात्या_माढा
एकाच वहीतली बारा पानं! हेच मी म्हणत होतो. दुसरी वही आली की मॉडेल आडवं होणारच. फेऱ्या कमी करा, जास्त फेऱ्यांनी घोकंपट्टी होते.

दप्तरी
घोकंपट्टी होते हे तात्यांचं बरोबर आहे, पण ती फेऱ्यांमुळे नाही. क्राकेन सुधारणा थांबली की आपणहून थांबतं. इथलं कारण तुमच्या त्या दोन ओळींत आहे.

वहीतल्या ओळीत टिंबं मोजा. आठ आहेत. तुम्ही टाइप केलेल्या ओळीत तीन. म्हणजे चित्रात कागदावर शाई स्पष्ट दिसते आहे आणि उत्तर म्हणतंय की आठांपैकी पाच ठिकाणी तिथे काहीच नाही. "त्यांनीं" या एका शब्दात पहिलं टिंब ठेवायचं, दुसरं सोडायचं. का? कारण दुसरा अनुस्वार उच्चारत नाही आणि १९६२ च्या नियमांनी तो गेला. तुम्हाला ते व्याकरण ठाऊक आहे. अडीचशे ओळी पाहिलेल्या मॉडेलला ते कुठून कळणार? त्याला एवढंच दिसतं की या माणसाच्या अक्षरात शिरोरेषेवरचं टिंब बहुतेक वेळा सोडून द्यायचं असतं. ते इमानाने तेच शिकलं. नेहमीच्या "त्यांनी", "सांगितले"मध्ये तेच ते शब्द पाहून जमतं, पण नव्या वहीत नवं नाव आलं की टिंब गेलं. अंबादासचा अबादास झाला तो असा.

आता ९४ टक्क्यांचं. तुम्ही वेगळी तपासणीची पानं दिली नसतील तर प्रोग्राम स्वतःच तुमच्या ओळींमधून दहावा हिस्सा बाजूला काढतो. त्या ओळी त्याच पानांवरच्या, तीच शाई, तेच शब्द, आणि त्यांचीही शुद्धलेखनं तुम्ही सुधारलेली. टिंब गाळलं तर तिथे तो गुण मिळवतो. त्या आकड्यावरून १९५६ च्या वहीबद्दल काहीच कळत नाही.

करायचं असं. बारा पानं पुन्हा डोळ्यांखालून घाला आणि जसं लिहिलंय तसंच ठेवा: अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, "ता.", "रु.", अगदी आजोबांनी चुकून लिहिलेलं अक्षरसुद्धा. "ता." चं "तारीख" करू नका, कारण चित्रात "रीख" नाही. त्यातलं एक पान तपासणीला ठेवा. १९५६ च्या वहीतली दोन पानं टाइप करा, एक शिकवायला आणि एक कुलपात. कुलपातलं पान शिकवण्यात कुठेच वापरायचं नाही. मग मित्राच्या मूळ मॉडेलपासून पुन्हा सुरू करा. आता बिघडलंय त्याच्यावर आणखी थर चढवू नका.

```
ketos train -i mool.mlmodel --resize union -f page \
  -t shikvan.txt -e tapasani.txt -o ajoba
ketos test -m ajoba_best.mlmodel -f page -e kulup.txt
```

`.txt` फायलींत पानांच्या एक्सएमएलचे पत्ते, ओळीला एक. `union` म्हणजे मूळ मॉडेलची अक्षरं राहतात आणि तुमची नवी मिळवली जातात. दुसरी आज्ञा आधी मूळ मॉडेलवरही चालवा, नाहीतर सुधारलं की बिघडलं हे कशाशी ताडून पाहणार? अहवालाच्या खालच्या भागात कोणत्या अक्षराच्या जागी काय आलं याची यादी येते, टक्क्यांपेक्षा ती वाचा.

विणकर_बाग
"दुसऱ्या" वर माझा संशय वेगळा आहे. तुम्ही दोघांनी टाइप केलंत ना? कीबोर्ड वेगवेगळे असतील. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब "ऱ्या". मॉडेलसाठी एकाच चित्राची दोन उत्तरं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन एक करत नाही, तुम्हालाच करावं लागतं:

```
text = text.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

ओळखायची खूण: अहवालातल्या चुकांत हवं ते आणि आलेलं ते डोळ्यांना एकसारखंच दिसतं.

मोडीप्रेमी
एक शंका. जुनं शुद्धलेखन तसंच ठेवलं तर घरातल्या मुलांना वाचायला त्रास नाही होणार?

सिद्धेश्वर_पेठ
माझाही तोच प्रश्न. मला शेवटी आजचं लेखन हवंय. एवढी टिंबं परत घालायची आणि मग परत काढायची?

दप्तरी
हो, पण दोन वेगळ्या टप्प्यांवर. मॉडेलचं काम कागदावर काय आहे ते सांगणं. त्यानंतर मजकुराची दुसरी प्रत करून तिच्यात "नाहीं"चं "नाही", "कांहीं"चं "काही" एका झटक्यात बदलता येतं, कारण तिथे पूर्ण शब्द समोर असतो. शंभर-दीडशे नेहमीचे शब्द बदलले की बहुतेक वाचन सोपं होतं. मूळ प्रत मात्र जपा. घरच्या कुणाला उद्या आजोबांचं जसंच्या तसं हवं असेल.

तात्या_माढा
मला हे दुप्पट काम वाटतं. सुधारलेल्या लेखनावरच शंभर पानं दिली असती तर मॉडेल नियमही शिकलं असतं.

दप्तरी
"नाहीं", "कांहीं" अशा ठरावीक शब्दांपुरतं शिकेलही. पण सोलापुरातल्या गिरणीच्या वहीत यल्लप्पा, मल्लय्या, व्यंकय्या, हेब्बळे पानोपानी येणार, आणि नवीन नावाला नियम नसतो. तिथे शाईच वाचावी लागते.

सिद्धेश्वर_पेठ
केलं. "ऱ्या"चंही निघालं, बहिणीच्या पानांत सगळीकडे तो न दिसणारा जोडक होता.

कुलपातल्या १९५६ च्या पानावर: मूळ मॉडेल ८१ टक्के, आधी शिकवलेलं ७८, आता शिकवलेलं ९२. अंबादास, कांबळे, व्यंकय्या तिन्ही नीट आले. राहिलेल्या चुकांत सगळ्यात जास्त "घ" आणि "ध". आजोबा ध ची गाठ पूर्ण वळवत नाहीत, मलाही शब्दावरूनच कळतं.

अडचण पुढच्या वह्यांची. १९६८ नंतर आजोबांचा हात कापायचा आणि ते पेन्सिलीने लिहायचे. तिथे हेच मॉडेल ७० च्या आसपास. पगाराच्या रकान्यांची पानं तर ओळींतच मोडतात, नाव एका ओळीत आणि आकडा भलतीकडे.

विणकर_बाग
कापऱ्या हातासाठी वेगळं मॉडेल करा. या मॉडेलपासून सुरू करून पेन्सिलीची सात-आठ पानं द्या.

दप्तरी
मी एकच ठेवेन. पेन्सिलीची पानं जुन्यांत मिसळून मूळ मॉडेलपासून पुन्हा शिकवेन. फक्त पेन्सिलीवर शिकवलं तर टाकाचं वाचन सुटत जातं, आणि मधल्या सालांत दोन्ही हात सापडतील. पेन्सिलीचंही एक पान कुलपात ठेवा आणि दोन्ही पद्धती करून पाहा. अडीचशे ओळींचं शिकवणं एका रात्रीत होतं.

रकान्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो अक्षराचा नाही, पान कापण्याचा आहे. कितीही पानं शिकवलीत तरी त्याने सुटणार नाही. तशी पानं थोडी असतील तर रकान्यांच्या चौकटी हाताने आखा. किती आहेत?

सिद्धेश्वर_पेठ
महिन्याला एक. ती दिवाळीनंतर करतो. आधी रोजनिशीची पानं काढतो, पेन्सिलीचं दोन्ही पद्धतींनी करून आकडे इथेच टाकतो.

मोडीप्रेमी
पगाराच्या रकान्यात पाव-अर्ध्याच्या उभ्या-आडव्या रेघा असतील तर त्यांचा फोटो टाका. १९५७ च्या आधीच्या पानांवर आणे असणार, ते मी वाचून देतो.

सिद्धेश्वर_पेठ
आहेत तशा रेघा. त्या टाइप कशा करायच्या तेही मला कळत नव्हतं. रात्री टाकतो.